‘मेहनती, हुशार, चांगली’ हे शब्द खोडून शिफारसपत्र कसं लिहायचं

‘कु. अमुक ही आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून ती अत्यंत मेहनती, हुशार व चांगल्या स्वभावाची आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.’

एका शिष्यवृत्तीच्या छाननीला मी काही वर्षं बसत होते. हातात येणारी बरीचशी पत्रं याच दोन वाक्यांवर उभी असायची, फक्त नाव आणि शिक्का बदललेला. ती वाचून आम्ही बाजूला ठेवायचो आणि गुणपत्रिका उघडायचो. गुणपत्रिकेत न दिसणारं काही सांगायची पत्र ही एकच जागा होती आणि ती कोरी जायची. मग घरी येऊन मी माझ्याच जुन्या पत्रांच्या प्रती काढल्या. त्याही तशाच निघाल्या.

याचं एक कारण आपल्या ऑफिसच्या सवयीत आहे. बोनाफाईड, वर्तणुकीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळे ठरलेल्या मजकुराचे कागद. त्यात ‘माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे’ एवढं लिहिलं की काम भागतं, आणि भागायलाही हवं. पण शिफारसपत्र लिहायला बसलो की हात त्याच वळणाने जातो.

खालचा क्रम मी एक उदाहरण धरून सांगते. तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, बारावी विज्ञानची विद्यार्थिनी, बी.एस्सी.साठी एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आणि पत्र लिहिणारी रसायनशास्त्राची शिक्षिका. पत्र मराठीत, एक पान.

## 1. लिहायचं की नाही, ते आधी ठरवा

विद्यार्थिनी समोर उभी असतानाच मनात एक प्रश्न विचारा: हिने केलेली, मी स्वतः पाहिलेली अशी दोन कामं मला आठवतात का? आठवत असतील तर हो म्हणा. एकही आठवत नसेल तर तिला स्पष्ट सांगा की दुसऱ्या शिक्षकांकडे जा, त्यांचं पत्र जास्त उपयोगी पडेल. नाही म्हणायला आपण भिडस्तपणे कचरतो, पण ओळख नसलेल्या मुलीबद्दल लिहिताना ‘मेहनती, हुशार’शिवाय हाताशी काही राहतच नाही.

सावध: ‘तूच लिहून आण, मी सही करते’ हे अजिबात करू नका. वेळ वाचतो हे खरं. पण तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच मुलीने लिहिलेली असली की छाननीत ते लगेच कळतं. वाक्यांची घडण तीच आणि चुकाही त्याच. त्यातून मुलं स्वतःबद्दल लिहिताना हमखास हेच तीन शब्द वापरतात, कारण वेगळं काही लिहिणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं.

## 2. पेन उचलण्याआधी चार कागद जमवा

पहिला कागद म्हणजे शिष्यवृत्तीचं माहितीपत्रक. ट्रस्टला काय हवंय ते त्यात लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. काही ठिकाणी शिक्षण पूर्ण करण्याची खात्री बघतात, काही ठिकाणी विषयाची ओढ. दुसरा, हजेरीपट. तिसरी, तिची प्रॅक्टिकलची जर्नल. हिच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही, कारण खाडाखोड, तारखा, आपलेच लाल शेरे सगळं त्यात असतं.

चौथा कागद तिच्याकडून मागायचा. बायोडेटा मागू नका, त्यात छंद आणि प्रमाणपत्रं येतात. त्याऐवजी तीन प्रश्न द्या आणि उत्तरं हाताने लिहून आणायला सांगा. माझ्या तासाला तुला सगळ्यात अवघड काय गेलं, आणि त्याचं तू काय केलंस? कुठला प्रयोग किंवा गणित तू कुणी न सांगता पुन्हा केलंस? या वर्षी कुणाला काय शिकवलंस? या उत्तरांतून आपण विसरलेले प्रसंग वर येतात.

तपासा: गुण गुणपत्रिकेत आहेत. घरची मिळकत तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. अर्जाला हे दोन्ही जोडलेलंच असतं. पत्रात ते पुन्हा लिहिलंत की एक पानातली सहा-सात ओळी जागा फुकट गेली.

## 3. तीन शब्द फोडा

आता कच्च्या कागदावर ते तीन शब्द खुशाल लिहा. मनात पहिल्यांदा तेच येणार आणि त्यात गैर काही नाही. फक्त प्रत्येकाखाली रेघ मारून विचारायचं: म्हणजे नक्की काय?

‘मेहनती’ म्हणताना आपल्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. रोज न चुकता येणारी मुलगी मेहनती. चुकलेलं काम न कंटाळता पुन्हा करणारीही मेहनती. घरचं, शेतातलं काम उरकून अभ्यासाला बसणारी मेहनती. आणि अंगावर घेतलेलं काम तडीस नेणारी, तीही मेहनतीच. पहिलीला नियमित म्हणावं, दुसरीला चिकाटीची, तिसरीला कष्टाळू, चौथीला जबाबदार. या चौघींपैकी एकीसारखी दुसरी नसते. रोज येणारी मुलगी चुकलेला प्रयोग पुन्हा करेलच असं नाही.

‘हुशार’चा घोळ याहून मोठा. चटकन उमजणारी, पाठ केलेलं चोख मांडणारी, प्रश्न विचारणारी, एका धड्यातलं दुसऱ्या धड्यात लावून बघणारी, या सगळ्यांना आपण एकाच शब्दात बसवतो. बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीबद्दल वाचणाऱ्याला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी हव्या असतात. आपण मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन डोळ्यांपुढे ठेवून ‘हुशार’ लिहितो.

‘चांगली’ तर नुसती पोकळ पिशवी आहे. खरं बोलणारी? गटात सगळ्यांना सांभाळून घेणारी? शिस्तीची? की त्रास न देणारी? शेवटचा अर्थ असेल तर तो शब्द खोडून टाका. त्रास न देणं हा शिफारशीचा मुद्दा नव्हे.

सगळ्यात जास्त होणारी चूक: इथे लोक शब्दकोश उघडतात. ‘हुशार’च्या जागी ‘कुशाग्र बुद्धीची’, ‘मेहनती’च्या जागी ‘अथक परिश्रमी’, ‘चांगली’च्या जागी ‘सुसंस्कारित’. शब्द जड झाला, माहिती मात्र तेवढीच राहिली. वाचणाऱ्याला उलट शंका येते की सांगण्यासारखं काही नसावं. ‘हुशार’ची जागा ‘चौकस’ने घ्यायची असेल तर तिने काय विचारलं हे पुढच्या वाक्यात यायलाच हवं.

मुलींची पत्रं लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2003 साली अमेरिकेत एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकपदासाठी आलेल्या तीनशेहून जास्त शिफारसपत्रांचा भाषेच्या अंगाने अभ्यास झाला. त्यात स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने लहान निघाली आणि त्यांत कष्टाळू, मन लावून काम करणारी अशा छापाची विशेषणं जास्त आढळली. आपल्या स्टाफरूममध्ये ‘मुलगा हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ आणि ‘मुलगी अभ्यासू आहे’ ही वाक्यं कुणी ऐकली नाहीत? पत्र पुरं झालं की एकदा बघा, हिच्या डोक्याबद्दल एक तरी वाक्य आहे का, की सगळं घामाबद्दलच आहे.

## 4. आधी प्रसंग लिहा, विशेषण नंतर

आमच्या उदाहरणातल्या मुलीची जर्नल उघडली. ऑक्झॅलिक अॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्युरेटमधून जांभळं द्रावण थेंबथेंब खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. फ्लास्क आधी साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावा लागतो. गार झाला तर अभिक्रिया मंदावते, गुलाबी रंग वेळेआधीच टिकल्यासारखा वाटतो आणि रीडिंग कमी येतं. तीन रीडिंग घ्यायची आणि जुळणारं रीडिंग सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणून लिहायचं.

तिच्या जर्नलमध्ये 9.7, 9.2, 9.8 अशी रीडिंग होती. 9.2 च्या पुढे पेन्सिलीने ‘फ्लास्क गार झाला होता’. खाली चौथं रीडिंग, 9.7. प्रॅक्टिकल घेणाऱ्या कुणालाही विचारा, अशा वेळी बहुतेक मुलं काय करतात. 9.2 चं 9.7 होतं आणि जर्नल सहीला येते.

हा प्रसंग पत्रात कसा येतो ते बघा.

पहिला प्रयत्न: ‘ती मेहनती असून प्रयोग मन लावून करते.’

दुसरा प्रयत्न: ‘ती अत्यंत काटेकोर व प्रामाणिक आहे.’ शब्द नेमके झाले, पण विश्वास ठेवायला आधार नाही.

तिसरा: ‘टायट्रेशनमध्ये एक रीडिंग जुळले नाही, तेव्हा तिने ते खोडले नाही, फ्लास्क गार झाल्याचे कारण शेजारी लिहून चौथे रीडिंग घेतले.’

तिसऱ्या वाक्यात एकही विशेषण नाही. चिकाटी, प्रामाणिकपणा आणि विषयाची समज, तिन्ही त्यात आहेत, आणि ती वाचणाऱ्याने स्वतः ओळखली आहेत.

‘हुशार’साठी दुसरा प्रसंग. याच प्रयोगात परमँगनेटच्या पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, नंतरचे थेंब मात्र पडताक्षणी रंगहीन होतात. वर्गातल्या सगळ्यांना हे दिसतं. हिने विचारलं, ‘मॅडम, फ्लास्क गरम आहे, मग पहिल्याच थेंबाला उशीर का?’ उत्तर असं की अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन पुढे तीच अभिक्रिया वेगाने घडवतात. सुरुवातीला ते नसतात, म्हणून उशीर. मी तेव्हा एवढंच सांगितलं, ‘अभिक्रियेचा वेग’ हा धडा येऊ दे. दोन महिन्यांनी तो धडा आला, त्या दिवशी तास संपल्यावर ती जर्नल घेऊन टेबलापाशी उभी. ‘हे तेच ना?’

‘हुशार’ या शब्दाला एवढा मजकूर पोटात घालता येत नाही.

सावध: प्रसंग पत्रात तीन-चार ओळींहून मोठा होऊ देऊ नका. वाचणारा रसायनशास्त्राचा असेलच असं नाही. ऑटोकॅटॅलिसिससारखा शब्द टाकायचा मोह मलाही झाला होता, मी तो टाळला. तिने काय पाहिलं, काय विचारलं आणि पुढे काय केलं, एवढं पुरतं.

‘चांगली’साठी: तिच्या जोडीदारणीला रीडिंग येत नव्हतं. हिने आपलं रीडिंग दिलं नाही; ब्युरेट आधी ज्या द्रावणाने भरायची त्यानेच धुऊन घ्यायची असते हे दाखवलं आणि तिला पुन्हा करायला लावलं. मदत करणारी मुलं खूप असतात, पण अशी मदत करणारी कमी.

## 5. मोजमाप द्या, पण खरं

प्रसंगाला संदर्भ लागतो. तुम्ही तिला किती काळ ओळखता, कुठल्या कामात पाहिलंत आणि अशी मुलं तुम्ही एरवी किती बघता, या तीन गोष्टी आकड्यांत सांगा. ‘अत्यंत नियमित’च्या ऐवजी ‘24 पैकी 23 प्रॅक्टिकल्सना हजर, प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला, गाव 22 किलोमीटरवर, येणं एसटीने’. हे हजेरीपटात बघून लिहायचं, आठवणीवर नाही. एकदा मी आठवणीवर ‘एकही तास न चुकवता’ लिहिलं होतं आणि त्याच अर्जाला आजारपणाचा दाखला जोडलेला होता.

तुलना करताना ‘सर्वोत्तम विद्यार्थिनींपैकी एक’ टाळा. हे वाक्य इतक्या पत्रांत असतं की त्या हिशोबाने प्रत्येक वर्गात चाळीस सर्वोत्तम निघतील. तुलना एकाच गोष्टीची करा: ‘दरवर्षी सुमारे 80 विद्यार्थ्यांची जर्नल तपासते. चुकलेले रीडिंग कारणासह तसेच ठेवणारे चार-पाचच आठवतात.’

एक उणीवही लिहा, ती खरी असेल आणि त्यावर काम चालू असेल तर. या मुलीचं इंग्रजी लेखन अडखळतं, आणि बी.एस्सी. इंग्रजीतून आहे. समितीला हे मुलाखतीत कळणारच. आपण आधी सांगितलं तर बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो.

सावध: घरच्या अडचणी लिहायच्या असतील तर तिला विचारूनच. वडिलांचं व्यसन, आईचं आजारपण, कर्ज हे तिने विश्वासाने सांगितलेलं असतं. पत्र समितीत पाच जणांच्या हातून फिरतं. त्यातून, कष्टाचं वर्णन वाढत गेलं की पत्र शिफारशीचं न राहता दयेचा अर्ज होतं.

## 6. आता पत्र जुळवा

क्रम असा: ओळख दोन ओळींत, पहिला प्रसंग, दुसरा प्रसंग, वागणुकीचा छोटा प्रसंग, उणीव, मग शिफारस. शुभेच्छा नकोत, त्या निरोप समारंभात द्या.

> मी कु. ……… हिला अकरावी व बारावी अशी दोन वर्षे रसायनशास्त्र शिकवले व तिची सर्व प्रॅक्टिकल्स घेतली. ती 22 किलोमीटरवरून एसटीने येते. सकाळी साडेसातच्या 24 पैकी 23 प्रॅक्टिकल्सना ती हजर होती.
>
> टायट्रेशनमध्ये एक रीडिंग जुळले नाही, तेव्हा तिने ते खोडले नाही. फ्लास्क गार झाल्याचे कारण शेजारी लिहून तिने चौथे रीडिंग घेतले. मी दरवर्षी सुमारे 80 विद्यार्थ्यांची जर्नल तपासते. असे करणारे चार-पाचच मला आठवतात.
>
> त्याच प्रयोगात पहिल्या थेंबांचा रंग उशिरा का जातो, हे तिने विचारले. उत्तर तेव्हा पूर्ण मिळाले नव्हते. दोन महिन्यांनी ‘अभिक्रियेचा वेग’ हा धडा सुरू झाला, तेव्हा जुनी जर्नल घेऊन येऊन तिने स्वतःच त्याचा संबंध लावला.
>
> सोबतच्या विद्यार्थिनीला अडचण आली, तेव्हा स्वतःचे रीडिंग न देता तिने तिच्याकडून प्रयोग पुन्हा करून घेतला.
>
> तिचे इंग्रजी लेखन अद्याप अडखळते. या वर्षी मात्र ती जर्नलमधील निरीक्षणे गाईडमधून न उतरवता स्वतःच्या शब्दांत लिहू लागली आहे.
>
> प्रयोगशाळेतील काम मन लावून व खरेपणाने करणारी विद्यार्थिनी आपणांस हवी असल्यास, मी तिची शिफारस करते.

शेवटच्या वाक्यात ‘मन लावून’ आणि ‘खरेपणाने’ हे शब्द आले आहेत. मागे तीन प्रसंग असल्यामुळे ते आता चालतात. हेच शब्द पहिल्या ओळीत असते तर ‘मेहनती, हुशार’सारखेच वाचले गेले असते.

परदेशी विद्यापीठासाठी इंग्रजीत पत्र असलं तरी क्रम हाच ठेवायचा. तिथे बरेचदा ऑनलाइन फॉर्ममध्ये गुणवार खुणा कराव्या लागतात, म्हणजे वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत वगैरे. पत्र लिहून झाल्यावरच त्या खुणा करा. सगळीकडे सर्वांत वरची खूण आणि पत्रात नुसतं ‘हार्डवर्किंग’ असेल तर दोन्ही पडतात.

## 7. पाठवण्याआधी

नावावर बोट ठेवून पत्र वाचा. वर्गातल्या दुसऱ्या मुलीचं नाव घालून जे वाक्य जसंच्या तसं चालेल, ते खोडा किंवा त्याला प्रसंग जोडा. मग विशेषणांभोवती गोल करा. एक पानात तीनपेक्षा जास्त गोल दिसले तर पुन्हा तिसऱ्या टप्प्यावर जा. त्यानंतर स्टाफरूममधल्या दुसऱ्या विषयाच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, ‘मुलगी कशी वाटली?’ समोरून ‘हुशार दिसतेय’ एवढंच आलं तर प्रसंग पोचलेला नाही. ‘जिने रीडिंग बदललं नाही ती’ असं आलं तर पोचला.

बाकी ऑफिसची कामं: लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का, आणि ज्यावर खरंच संपर्क होईल असा आपला फोन नंबर. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच असू द्या. पाकीट बंद करून मागितलं असेल तर चिकटवलेल्या जागेवर सही करा.

एक प्रत स्वतःकडे ठेवा. तीन वर्षांनी ती एम.एस्सी.साठी परत येईल तेव्हा हेच पत्र द्यायचं नाही, पण तारखा लागतील. मी आता हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर अशा गोष्टी त्याच दिवशी टिपते, एका ओळीत. गेल्या आठवड्यातली नोंद: ‘बॅच बी, खिडकीजवळचा मुलगा, पिपेट फुटली, स्वतः येऊन सांगितलं.’ त्याचं नाव अजून नीट माहीत नाही. उद्या हजेरीला बघायचं आहे.